टाकी निम्मी रिकामी, पंप ओला आणि पिशवीतली एक चकती

चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून आलेल्या फोटोचं हे प्रकरण आहे. घर केळी पिकवणाऱ्यांचं. अकरावीतल्या मुलाने चोपड्यातल्या एका कुटुंबाकडून जुनी माशांची टाकी घेतली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. त्या कुटुंबाने टाकीबरोबर एक प्लास्टिकची पिशवीही दिली होती. तिच्यात नळ्यांचे तुकडे, एक मोडका थर्मामीटर, दोन रबरी चोषक आणि एक छोटी चकती होती. मुलाने टाकी लावली, हवेचा पंप जोडला आणि त्यात गोल्डफिश व मॉली सोडले. पिशवी मात्र तशीच राहिली, कारण चकती नसतानाही बुडबुडे छान येत होते.

मग एका रात्री लाइट गेली. सकाळी टाकी निम्मी रिकामी होती, टेबलाखाली पाणी साचलं होतं आणि पंप गप्प होता. घरच्यांनी काचेचा जोड फुटला असं धरलं. मुलाला मात्र पिशवीची आठवण झाली. त्याने चकती तळहातावर ठेवून फोटो काढला आणि मला पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं: "भाऊ, हाई काय शे? जुनी टाकीनी पिशवीमा सापडनं."

फोटो ओळखण्याआधी मी त्याला एक गोष्ट करायला लावली. पंपाची पिन बोर्डातून काढून ठेव आणि पंपाला पुन्हा हात लावू नकोस. हवेच्या पंपात विजेची गुंडाळी असते. आत पाणी शिरलेलं असताना लाइट आल्यावर काय होईल ते सांगता येत नाही, आणि तिथे ओल्या फरशीवर घरची माणसं वावरत होती. बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. पिनच बाहेर काढायची.

पहिला फोटो आणि त्यावरून काय म्हणता येतं

तळहातावर एक गोल, चपटी, पारदर्शक वस्तू होती. तिच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन टोकं निघालेली. मधल्या भागात काहीतरी काळपट दिसत होतं, पण बोटांची सावली पडल्यामुळे ते नीट कळत नव्हतं. एका टोकाभोवती पांढरी खर होती.

मुलाचे आप्पा म्हणत होते, हा ठिबकचा ड्रिपर आहे. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नव्हतं. जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागांना ठिबक आहे, घराघरांत ड्रिपर, जॉइनर, टेक ऑफ आणि एंड कॅपच्या पिशव्या पडलेल्या असतात, आणि झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक पाइपवर, म्हणजे लॅटरलवर, टोचायचा बटण ड्रिपर असाच छोटा, गोल आणि दोन टोकांचा असतो. ठिबकची बारीक मायक्रोट्यूब आणि माशांच्या टाकीची हवेची नळी यांची मापंही सारखीच पडतात: आतून सुमारे 4 मिलिमीटर, बाहेरून सुमारे 6. म्हणून "नळी बसते, म्हणजे टाकीचीच वस्तू" असं खानदेशात तरी म्हणता येत नाही. दोन्ही वस्तूंना तीच नळी बसते.

पहिल्याच फोटोवर उत्तर द्यायचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण अशा चकतीसाठी माझ्या डोक्यात लगेच तीन नावं येतात आणि तिन्हींची कामं अगदी वेगळी आहेत. पहिलं, हवेच्या नळीत बसणारा चेक व्हॉल्व्ह. हा हवेला एकाच दिशेने जाऊ देतो. दुसरं, ड्रिपर. तिसरं, दवाखान्यातल्या सक्शन मशीनच्या किंवा ऑक्सिजनच्या नळीत बसणारा हवेचा गोल फिल्टर. घरात कोणी आजारी असलं की हा फिल्टर घरी येतो आणि पुढे कुठल्यातरी पिशवीत जाऊन बसतो. लांबून पाहिलं तर तिघेही चकती आणि दोन नळकांडी असेच दिसतात.

टाकीच्या इतर वस्तू इथेच गळतात. नळीच्या शेवटी बसून बुडबुडे सोडणाऱ्या हवेच्या दगडाला एकच टोक असतं आणि त्याचं अंग खरखरीत, सच्छिद्र असतं. हवा कमीजास्त करायच्या व्हॉल्व्हला फिरवायची मूठ असते. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडायच्या डिफ्युझरमध्ये पांढरी सिरॅमिकची चकती उघड्यावर दिसते, कारण गॅस तिच्यातूनच पाण्यात यायचा असतो. आपली वस्तू सगळीकडून बंद होती आणि तिला दोन टोकं होती.

मागवलेले फोटो

मी मुलाला सांगितलं की चकती हातात धरू नकोस. पांढऱ्या कागदावर ठेव, शेजारी 10 रुपयांचं नाणं ठेव आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फोटो काढ, फ्लॅश नको. एक फोटो वरून, एक बाजूने, दोन्ही टोकांचे समोरून एकेक, आणि शेवटचा चकतीच्या मागे मोबाइलची बॅटरी लावून. पारदर्शक प्लास्टिकवर फ्लॅश मारला की नुसती चमक येते आणि नेमकं पाहायचं ते झाकलं जातं. मागून उजेड आला की आतला पडदा आणि त्याची कड दिसते.

त्याच संध्याकाळी फोटो आले आणि ते उत्तम होते.

नाण्यावरून माप कळलं. 10 रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. चकती त्याच्यापेक्षा किंचित लहान होती आणि दोन्ही टोकं धरून लांबी नाण्याच्या दीडपटीच्या आसपास. यावरून काहीही नक्की झालं नाही, कारण तिन्ही वस्तू या मापात असू शकतात. तरी माप लागतंच. त्याच आकाराची चकती तळहाताएवढी असती, तर मी मोठ्या पाइपलाइनच्या वस्तूंकडे वळलो असतो.

टोकांच्या फोटोंनी जास्त सांगितलं. दोन्ही टोकं सारख्याच जाडीची होती आणि दोन्हींवर नळी घट्ट धरणाऱ्या बारीक कडा होत्या. लॅटरलवर टोचायच्या ड्रिपरची टोकं अशी नसतात. त्याचं एक टोक अणकुचीदार, मागे खाच असलेलं असतं. पाइपला भोक पाडून ते आत दाबलं की खाचेमुळे बाहेर निसटत नाही. दुसऱ्या टोकातून फक्त थेंब पडायचे असतात. ज्याची दोन्ही टोकं नळी चढवण्यासाठीच घडवलेली आहेत, ती वस्तू नळीच्या मधोमध बसते. आप्पांना मी बाजूचा फोटो पुन्हा पाहायला सांगितला, तेव्हा त्यांनी घरातला एक ड्रिपर आणून शेजारी ठेवला. दोन्हींतला फरक त्यांनीच मुलाला समजावला.

ड्रिपरविरुद्धचा माझा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र पारदर्शकपणा होता. शेतात उन्हात राहायच्या वस्तू काळ्या किंवा गडद, अपारदर्शक करतात. पारदर्शक केल्या तर उजेड आत जाईल, पाण्याच्या बारीक वाटेत शेवाळ धरेल आणि ड्रिपर चोंदेल. आरपार दिसणारी वस्तू कोणी बागेत लावायला बनवत नाही.

मागून उजेड टाकलेल्या फोटोत चकतीच्या मध्यावर काळ्या रबराचा पातळ पडदा दिसला. इथे एक फसगत होऊ शकते. "आत रबर आहे, म्हणजे चेक व्हॉल्व्ह" असं लगेच म्हणू नये, कारण पाण्याचा दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणाऱ्या ड्रिपरच्या पोटातही सिलिकॉनचा पडदा असतो. पडद्याने फक्त दवाखान्यातला फिल्टर बाद केला. फिल्टरच्या आत पांढरा, कागदासारखा, चकतीभर पसरलेला पडदा असतो. तो कडेने सगळीकडे चिकटवलेला असतो आणि त्याला टेकू म्हणून दोन्ही बाजूंना रेघा असतात. इथे काळा पडदा मध्यावर टेकलेला होता आणि त्याची कड मोकळी होती. कड मोकळी म्हणजे पडदा उचलला जाऊ शकतो, आणि उचलला जाणारा पडदा म्हणजे झडप.

बाजूच्या फोटोत प्लास्टिकवर उठवलेला एक बाणही दिसला. तो अगदी पुसट होता, मुलाला तोपर्यंत दिसलाच नव्हता. तिरप्या उजेडात तो उमटला.

टोकं, पारदर्शकपणा, पडदा आणि बाण एकत्र धरले, तेव्हा मी कळवलं: हा हवेच्या नळीचा चेक व्हॉल्व्ह आहे. आप्पांना सांगितलं, विहिरीवरची मोटार बंद झाली की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरू नये म्हणून फूटव्हॉल्व्ह बसवता, ते आठवा. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही.

खरीचं काय सांगणं होतं

ती पांढरी खर मला पहिल्या फोटोपासून खुणावत होती. आपल्याकडे बोरचं पाणी क्षाराचं असतं. थेंब सुकला की मागे पांढरं उरतं. खर एकाच टोकाला आणि चकतीच्या त्याच अर्ध्या भागात होती. पडद्याच्या पलीकडचा अर्धा भाग स्वच्छ होता. म्हणजे आधीच्या घरी हा व्हॉल्व्ह खरोखर वापरात होता. लाइट गेल्यावर पाणी नळीतून वर चढून पडद्यापर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. खरीचं टोक टाकीकडचं, स्वच्छ टोक पंपाकडचं. बाणही स्वच्छ टोकाकडून खरीच्या टोकाकडे जात होता. दोन स्वतंत्र खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, म्हणून ओळखीबद्दल शंका उरली नाही.

पण खर ड्रिपरच्या तोंडालाही जमते. नुसत्या खरीवरून "टाकीतली वस्तू" म्हटलं असतं, तर तो अंदाज झाला असता. ती कुठल्या भागात थांबली आहे, हे पारदर्शक अंगातून दिसलं, म्हणून ती उपयोगी पडली.

टाकी का रिकामी झाली

याच वेळी मी टाकीचाही फोटो मागवला होता. त्यात टाकीतल्या प्लास्टिकच्या किल्ल्याच्या बुरुजावर हवेचा दगड अडकलेला होता, तळापासून साधारण निम्म्या उंचीवर. पाण्याची पातळी बरोबर त्या दगडाशी येऊन थांबली होती. काचेचा जोड गळत असता, तर पाणी गळतीच्या जागेपर्यंत उतरलं असतं. दगडाशी थांबायचं त्याला काही कारण नव्हतं. पातळी दगडाशी थांबते, म्हणजे पाणी दगडातूनच नळीत शिरून बाहेर गेलं. दगड उघडा पडला, नळीत हवा शिरली आणि ओढ तुटली.

पंप टाकीच्या खालच्या फळीवर होता. पंप चालू असताना हवेचा जोर नळीतलं पाणी बाहेर रेटून ठेवतो. लाइट गेली की तो जोर संपतो आणि पाणी नळीत टाकीच्या पातळीइतकं वर येतं. टाकी काठोकाठ भरलेली असली आणि काठावरचं नळीचं वळण पाण्याला जवळजवळ टेकलेलं असलं, तर पाणी ते वळण ओलांडतं. एकदा पलीकडे उतरलं की पुढचं काम वजनच करतं, कारण खाली लोंबणाऱ्या नळीतलं पाणी मागचं पाणी ओढत राहतं. पंपात रबरी झडपा असतात, पण त्या हवा बाहेर ढकलण्यासाठी केलेल्या असतात. उलट आलेलं पाणी त्या भरवशाने अडवत नाहीत.

60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ 54 लिटर पाणी मावतं. दगड तळाशी असता, तर जवळजवळ सगळंच गेलं असतं आणि मासे वाळूवर पडले असते. बुरुजावर दगड अडकला होता, म्हणून ते वाचले.

फोटो जिथे थांबतो

वस्तू कोणती हे फोटोने कळलं. ती आज काम करते का, हे फोटो सांगू शकत नाही. रबर वर्षानुवर्षं पिशवीत पडून कडक होतं, कधी पडद्याखाली क्षाराचा कण अडकतो आणि झडप पूर्ण बसत नाही. फोटोत नवा आणि निकामी व्हॉल्व्ह सारखेच दिसतात. म्हणून मी त्याला दोन चाचण्या करायला सांगितल्या.

पहिली हवेची. बरेच जण तोंडाने फुंकून पाहतात. मी इथे नको म्हणालो. शेताच्या घरातल्या पिशवीतली वस्तू, ओळख पटली तरी, तोंडात घालू नये. ठिबकच्या सामानातून खतं आणि चोंदलेले ड्रिपर साफ करायचं आम्ल गेलेलं असतं, आणि सगळे सुटे भाग एकाच कपाटात पडलेले असतात. सुई काढलेली 10 मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, तिच्या तोंडावर हवेच्या नळीचा बोटभर तुकडा चढवायचा आणि व्हॉल्व्ह कोमट पाण्यात धुऊन, झटकून जोडायचा. स्वच्छ टोकाकडून दट्ट्या दाबला की हवा सहज निघून जायला हवी. खरीच्या टोकाकडून दाबला की दट्ट्या अडायला हवा आणि सोडल्यावर मागे यायला हवा. ड्रिपर किंवा फिल्टर असता, तर हवा कमीअधिक अडत दोन्हीकडून गेली असती. म्हणजे हीच चाचणी ओळखीचीही खात्री करते. मुलाने व्हिडिओ पाठवला. एकीकडून हवा गेली, दुसरीकडून अडली.

इथे थांबलो असतो तर व्हॉल्व्ह चांगला ठरला असता. पण सिरिंजचा दाब जोराचा असतो आणि जोराच्या दाबाखाली कडक झालेला पडदाही बसतो. टाकीत दाब असतो जेमतेम फूटभर पाण्याचा, तोही रात्रभर. म्हणून दुसरी चाचणी पाण्याची. व्हॉल्व्हच्या खरीच्या टोकाला दीड फुटाची नळी चढवायची, ती उभी धरून पाण्याने भरायची आणि वरचं टोक खिळ्याला बांधायचं. व्हॉल्व्ह खाली लोंबेल. त्याच्या खाली वर्तमानपत्र पसरून तासभर सोडून द्यायचं. कागद कोरडा राहिला तर व्हॉल्व्ह घ्यावा.

कागद ओला झाला. थेंब सावकाश पडत होते, पण पडत होते. मी व्हॉल्व्ह घरगुती व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवायला सांगितला, म्हणजे पडद्याखालचा क्षार विरघळेल. मग भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा तीच चाचणी. थेंब कमी झाले, थांबले नाहीत. रबरच गेलं होतं. असा व्हॉल्व्ह वापरू नये. चोपड्याच्या दुकानात तो नवा आणि स्वस्तात मिळतो, आणि आता मुलाला दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं ते ठाऊक होतं.

बसवणं

नवा व्हॉल्व्ह आल्यावर त्याने पहिल्यांदा उलटा बसवला आणि बुडबुडे येत नाहीत म्हणून कळवलं. या नव्या व्हॉल्व्हवर बाण नव्हता, दोन अर्धे भाग वेगवेगळ्या रंगांचे होते. कुठल्या रंगाचा अर्धा कुणीकडे, हा नियम सगळ्या बनावटींत एकसारखा धरता येत नाही. म्हणून रंग पाहू नये, सिरिंज लावावी. हवा ज्या टोकातून आत जाते ते पंपाकडे. उलटा बसलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून पंप चालू ठेवू नये, कारण हवेला वाट नसली की पंपातल्या रबरी फुग्यावर ताण येतो आणि तो फाटतो. क्षाराने चोंदलेला हवेचा दगडही हेच करतो, फक्त सावकाश. बुडबुडे बारीक होत गेले आणि पंपाचा आवाज वाढला, की आधी दगड बदलून पाहावा.

व्हॉल्व्ह टाकीच्या बाहेर, नळीत, काठाच्या जवळ बसवला. पंपाजवळ बसवला तरी तो पाणी अडवतो, पण मग व्हॉल्व्ह बिघडलाच तर पाणी लगेच पंपात पोहोचतं. काठाशी असला की खालची नळी कोरडी राहते. तिच्यात थेंब दिसले की बदलायची वेळ झाली, हे लांबूनही कळतं.

पंप मात्र मी वर घ्यायला लावला. व्हॉल्व्ह असूनही. पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल, तर पाण्याला ओढायला उतारच मिळत नाही, आणि रबर कधी ना कधी कडक होणारच आहे. आप्पांनी टाकीच्या मागे भिंतीवर एक छोटी फळी ठोकून दिली. पंप हादरतो, म्हणून खाली स्पंजचा तुकडा ठेवला. वायर बोर्डाकडे नेताना ती आधी खाली लोंबवून मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावर टपकतं, बोर्डात जात नाही.

जुना पंप उघडून सुकवला, तरी तो घरघरत होता आणि हवा देत नव्हता. आत शिरलेल्या क्षाराच्या पाण्याने झडपांवर थर बसला होता. पाणी गेलेला पंप सुकून चालू झाला असता, तरी विजेच्या दृष्टीने मी तो माशांच्या टाकीवर लावू दिला नसता. नवा घेतला.

मे महिन्यात खानदेशात वादळ येतं, केळी आडवी होते आणि लाइट कधी येईल ते सांगता येत नाही. पाणी 25 अंशांवर असताना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, 35 अंशांवर जेमतेम 7. लाइट गेल्यावर टाकी रिकामी होण्याची भीती व्हॉल्व्हने घालवली, पण त्या वेळी बुडबुडेही बंदच असतात. म्हणून मुलाला बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप सुचवला आहे. त्याच्या नळीतही तसाच चेक व्हॉल्व्ह लागेल, आणि तो बसवण्याआधी सिरिंजने तपासायचा.